दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सवर जीएसटी किती? कंपोझिट आणि मिक्स्ड सप्लाय ठरवायची रीत

गिफ्ट बॉक्सचा धंदा नव्याने सुरू करणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. बॉक्समध्ये पाच-सहा जिन्नस आहेत, प्रत्येकाचा दर वेगळा आहे, मग बिलावर दर कोणता लिहायचा? काही जण प्रत्येक वस्तूचा आपापला दर लावून बेरीज करतात. काही जण ज्याची किंमत जास्त त्याचा दर सगळ्याला लावतात. काही जण सरळ 18 टक्के लावून मोकळे होतात. तिन्ही उत्तरं कुठे ना कुठे बरोबर ठरू शकतात, पण आपल्या बॉक्सला कोणतं लागू पडतं हे आधी ठरवावं लागतं. ते कसं ठरवायचं, हे एकच ऑर्डर धरून पाहू.

पुण्यातल्या एका छोट्या उद्योगाकडे कंपनीची 100 बॉक्सची ऑर्डर आहे असं समजा. एका बॉक्सचा भाव कर सोडून 1,000 रुपये. आत चिवडा आणि चकली 220 रुपयांची, मोतीचूर लाडू 180 चे, काजू-बदाम 360 चे, चॉकलेट 160 चं, मातीच्या चार पणत्या 40 च्या आणि कोल्ड्रिंकचा एक कॅन 40 चा. बेरीज बरोबर 1,000. कोटेशनमध्ये मात्र या वेगळ्या किमती कुठेच नाहीत. तिथे एकच ओळ आहे: ‘दिवाळी गिफ्ट बॉक्स, 100 नग, 1,000 रुपये प्रति नग, जीएसटी वेगळा’.

आधी बॉक्स उघडा आणि प्रत्येक वस्तूचा दर लिहा

कंपोझिट की मिक्स्ड, म्हणजे वस्तू एकमेकींना बांधलेल्या आहेत की नुसत्या एका भावात एकत्र ठेवलेल्या, हा वाद पुढचा. आधी प्रत्येक वस्तूचा एचएसएन कोड, म्हणजे करासाठी माल ओळखायचा क्रमांक, आणि तिचा आजचा दर कागदावर मांडायचा. ‘आजचा’ हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून दरांची मांडणी पार बदलली. 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे जवळपास निघून गेले. बहुतेक माल 5 किंवा 18 टक्क्यांत आला आणि मोजक्या वस्तूंवर 40 टक्के लागले. जुन्या बिलावरून दर उतरवून काढाल तर हमखास चुकाल. चॉकलेटवर आधी 18 टक्के होते, बदामावर 12 होते. आता दोन्हीवर 5 आहेत.

आपल्या बॉक्सची यादी अशी होते. चिवडा-चकली, लाडू, काजू-बदाम आणि चॉकलेट, सगळ्यांवर 5 टक्के. मातीच्या पणत्या करमुक्त. आणि कोल्ड्रिंक, म्हणजे साखर घातलेलं वायुमिश्रित पेय, त्याचं एचएसएन शीर्षक 2202 आणि दर 40 टक्के.

यादी झाली की तिच्याकडे एकदा नीट बघा. सगळ्या वस्तू एकाच दराच्या असत्या, तर पुढचा सगळा खटाटोप करायची गरजच नव्हती. कंपोझिट म्हणा, मिक्स्ड म्हणा की सुटा माल म्हणा, कर तेवढाच. प्रश्न उभा राहतो तो दरांत फरक असतो तेव्हाच. आपल्या यादीत शून्य, 5 आणि 40 असे तीन दर आहेत, म्हणून पुढे जावं लागेल.

एकच विक्रेता आहे का, एकच भाव आहे का

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 2(30) मध्ये कंपोझिट सप्लायची व्याख्या आहे आणि 2(74) मध्ये मिक्स्ड सप्लायची. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: दोन किंवा अधिक पुरवठे एकाच करदात्याने एकत्र केलेले असले पाहिजेत. त्यामुळे कंपनीने फराळ तुमच्याकडून घेतला, कोल्ड्रिंक दुसऱ्या डीलरकडून त्याच्या बिलाने घेतलं आणि वाटताना दोन्ही एका पिशवीत घातलं, तर तुमच्या बिलाचा कॅनशी काही संबंध उरत नाही.

फरक आहे तो भावाचा. मिक्स्ड सप्लाय होण्यासाठी सगळ्याला मिळून एकच भाव असावा लागतो. ते व्याख्येतच आहे. कंपोझिटसाठी अशी अट नाही. याचा व्यवहारातला अर्थ नवख्यांच्या लक्षात पटकन येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. खऱ्याखुऱ्या कंपोझिट सप्लायचे तुम्ही बिलावर दहा ओळींत तुकडे केलेत तरी तो कंपोझिटच राहतो. मिक्स्ड सप्लाय मात्र किमती खरोखर वेगळ्या असतील तर मिक्स्ड राहत नाही, सुट्या मालाची विक्री होते. कायद्याने दिलेल्या उदाहरणातही हेच म्हटलं आहे: वस्तू वेगवेगळ्या पुरवल्या तर तो मिक्स्ड सप्लाय नाही.

आपल्या कोटेशनमध्ये एक भाव आहे. म्हणजे सुट्या मालाचा रस्ता तूर्त बंद. उरले दोन: कंपोझिट किंवा मिक्स्ड. आधी कंपोझिट तपासायचं, कारण कंपोझिटमध्ये बसत नाही तेच मिक्स्ड होऊ शकतं.

वस्तू एकमेकींना बांधलेल्या आहेत का

कंपोझिटची कसोटी अशी की ते पुरवठे स्वाभाविकपणे एकत्र जोडलेले असावेत, धंद्याच्या नेहमीच्या ओघात एकत्रच दिले जात असावेत आणि त्यांतला एक मुख्य असावा. कायद्यातलं उदाहरण मालाचं पॅकिंग, वाहतूक आणि विमा यांचं आहे. माल मुख्य, बाकीचं त्याच्यामागून येणारं.

‘स्वाभाविकपणे’ म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. खात्याच्या माहितीपत्रकांत काही खुणा दिल्या आहेत आणि त्या उपयोगी आहेत. बहुतेक गिऱ्हाइकं या गोष्टी एकत्रच मिळाव्यात अशी अपेक्षा धरतात का? त्या धंद्यातले बहुतेक लोक त्या एकत्रच देतात का? एक गोष्ट मुख्य आणि बाकीच्या तिच्या सोयीसाठी आहेत का? एखादी काढून घेतली तर मूळ पुरवठ्याला बाध येतो का? यातली कोणतीही एक खूण एकटी निर्णायक नसते. सगळं मिळून चित्र बघायचं असतं.

मला यातली शेवटची कसोटी सगळ्यात कामाची वाटते. आपल्या बॉक्समधून कॅन काढा. लाडवांचं काही बिघडलं? चॉकलेट काढा. काजू अडले? काहीच नाही. प्रत्येक वस्तू दुकानात सुटी मिळते, सुटी खाल्ली जाते आणि दुसरीवाचून तिचं अडत नाही. शिवाय यात मुख्य कोण? काजू-बदाम सगळ्यात महाग आहेत, पण म्हणून बाकीचा फराळ काजूंच्या सोयीसाठी दिला आहे असं कोणी म्हणणार नाही.

इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: ‘दिवाळीला सगळेच असे बॉक्स देतात, म्हणजे हे धंद्याच्या नेहमीच्या ओघातलंच झालं की.’ ऐकायला बरा आहे, टिकत नाही. मिक्स्ड सप्लायचं उदाहरण म्हणून कायद्याने जे पॅकेज दिलं आहे, त्यात डबाबंद खाद्यपदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, वायुमिश्रित पेय आणि फळांचा रस आहे, सगळं एका भावात. म्हणजे तुमचा दिवाळी बॉक्स जवळजवळ जसाच्या तसा कायद्याच्या पुस्तकातच मिक्स्ड म्हणून छापलेला आहे.

दोन वस्तू एकत्र वापरल्या जातात एवढ्यानेही कंपोझिट होत नाही. कर कसा लागेल हे करदात्याच्या अर्जावर आधीच सांगणाऱ्या पश्चिम बंगालच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणापुढे 2018 मध्ये यूपीएस आणि बॅटरी एका भावात विकण्याचं प्रकरण आलं होतं. बॅटरीशिवाय यूपीएस काय कामाचा, असं कोणालाही वाटेल. पण दोन्ही वस्तू बाजारात वेगवेगळ्या विकल्या जातात आणि बॅटरीला यूपीएसखेरीज इतरही उपयोग आहेत, हे धरून तो मिक्स्ड सप्लाय ठरवला गेला. असा निर्णय ज्याने अर्ज केला त्याच्यावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरच बंधनकारक असतो, पण विचार कोणत्या दिशेने होतो ते त्यावरून कळतं.

कंपोझिट निघालाच, तर मुख्य काय

आपला बॉक्स इथे अडला, तरी ही पायरी तुमच्या इतर ऑर्डरींना लागेल. समजा कोणी फक्त लाडू मागितले. तुम्ही ते छापील पुठ्ठ्याच्या डब्यात, रिबन आणि छोटं शुभेच्छापत्र घालून दिले. डबा, रिबन आणि कार्ड लाडवांसाठीच आहेत. कार्डावर किंवा डब्यावर वेगळा दर शोधत बसायचं नाही. मुख्य पुरवठा लाडवांचा, दर 5 टक्के, सगळ्या रकमेवर. लाडू पितळी किंवा काचेच्या महागड्या भांड्यात दिले, म्हणजे लाडू संपल्यावर भांडं वर्षानुवर्षं वापरात राहणार, तेव्हा मात्र ते नुसतं पॅकिंग राहत नाही. मग ती दुसरी वस्तू झाली आणि वरची कसोटी पुन्हा लावायची.

मुख्य पुरवठा नेहमी किमतीवरून ठरत नाही. छपाईचं उदाहरण घ्या. अर्थ मंत्रालयाने 20 ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रक क्रमांक 11 मध्ये सांगितलं की पुस्तक किंवा माहितीपत्रकाचा मजकूर प्रकाशकाचा आणि कागद छापखान्याचा असेल, तर मुख्य पुरवठा छपाईच्या सेवेचा. पण पाकिटं, कागदी रुमाल, खोकी यांच्यावर गिऱ्हाइकाने दिलेला लोगो छापला आणि कागद छापखान्याचा असेल, तर मुख्य पुरवठा वस्तूचा. कागद दोन्हीकडे छापखान्याचाच. फरक पडतो तो गिऱ्हाईक मुळात काय विकत घेतंय यामुळे: मजकूर छापून घेतंय की पाकीट घेतंय.

मिक्स्ड ठरला, आता कर काढा

कलम 8 प्रमाणे कंपोझिट सप्लायला मुख्य पुरवठ्याचा दर लागतो आणि मिक्स्ड सप्लायला त्यातल्या सगळ्यात जास्त दराच्या पुरवठ्याचा. आपल्या बॉक्समधला सगळ्यात जास्त दर 40 टक्के. तो लागणार कॅनच्या 40 रुपयांवर नाही, पूर्ण 1,000 रुपयांवर. एका बॉक्सला कर 400 रुपये. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं लाडू, काजू आणि करमुक्त पणत्यासुद्धा 40 टक्क्यांत गेल्या.

हाच माल सुटा विकला असता तर? 5 टक्क्यांचा माल 920 रुपयांचा, त्यावर 46 रुपये. पणत्यांवर शून्य. कॅनवर 16. एकूण 62 रुपये. म्हणजे एका बॉक्समागे 338 रुपयांचा फरक आणि 100 बॉक्सना 33,800 रुपयांचा. ज्या कॅनमुळे हे झालं, त्यांची सगळी मिळून विक्री होती 4,000 रुपयांची.

कंपनीला हा कर परत मिळेल, तिला काय फरक पडतो, असं वाटत असेल तर ते इथे चालत नाही. भेट म्हणून वाटलेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट कलम 17(5)(h) ने अडवलेलं आहे. गिफ्ट बॉक्सवरचा कर कंपनीच्या खर्चातच जातो, त्यामुळे 400 रुपयांचा आकडा पाहिला की परचेसवाल्यांचा फोन येणारच.

बिलावर एचएसएन कोणता लिहायचा, हा पुढचा प्रश्न. मिक्स्ड सप्लाय हा सगळ्यात जास्त दराच्या पुरवठ्याचाच पुरवठा मानला जातो, त्यामुळे शीर्षक 2202. लाडवांच्या बॉक्सच्या बिलावर कोल्ड्रिंकचा कोड विचित्र दिसतो खरा, पण दर तिकडून आला तर कोडही तिकडूनच येणार. महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकाला 20 टक्के सीजीएसटी आणि 20 टक्के एसजीएसटी, परराज्यातल्या पुरवठ्याला 40 टक्के आयजीएसटी.

बॉक्स बदला, बिल नको

यातून बाहेर पडायचे रस्ते दोनच आहेत आणि पहिला दुसऱ्यापेक्षा फार चांगला आहे.

पहिला म्हणजे बॉक्सच एका दराचा बनवणं. कॅन काढून त्याच्या जागी आंब्याच्या रसाचं गॅस नसलेलं 40 रुपयांचं पेय ठेवा. त्यावर 5 टक्के आहेत. बॉक्स अजूनही मिक्स्डच आहे, पण त्यातला सगळ्यात जास्त दरच 5 असल्याने 1,000 वर कर 50 रुपये. पणत्यांवर दोन रुपये जास्त गेले, एवढाच तोटा, आणि तो सोसण्याजोगा आहे. सप्टेंबर 2025 नंतर हे बरंच सोपं झालं आहे: फराळ, मिठाई, बिस्किटं, केक, चॉकलेट, सुकामेवा, अगरबत्ती, तांब्याची बाटली, स्टीलचा डबा, सगळं 5 टक्क्यांत. अत्तराची बाटली घालायचा मोह आवरा; अत्तर 18 टक्क्यांत आहे आणि ती 100 रुपयांची बाटली हजाराच्या बॉक्सवर 180 रुपये कर आणते. फळांच्या रसाचं पेय घेतानाही पाठीमागचं लेबल वाचा. फळाचा रस आहे पण कार्बोनेटेड आहे, तर तेही 40 टक्क्यांतच.

दुसरा रस्ता म्हणजे खरोखर सुटी विक्री. इथे सावध राहायला हवं. कोटेशनमध्ये ‘1,000 रुपये प्रति बॉक्स’ लिहायचं आणि बिलावर मात्र सहा ओळी पाडायच्या, ही पळवाट तपासणीत टिकवणं अवघड आहे, कारण अधिकारी बिलाबरोबर कोटेशन, परचेस ऑर्डर आणि तुमचं वेबसाइटवरचं पान मागू शकतो. सुटी विक्री म्हणायची असेल तर ती पहिल्या कागदापासून सुटी दिसली पाहिजे. प्रत्येक वस्तूचा भाव छापलेली दरसूची हवी, गिऱ्हाइकाला एखादी वस्तू वगळता यावी आणि वगळली की रक्कम तेवढ्याने कमी व्हावी. परचेस ऑर्डरही वस्तुवार हवी. भावही खरे हवेत. 40 चा कॅन 5 रुपयांना आणि 180 चे लाडू 215 ला दाखवलेत तर प्रश्न विचारले जाणारच.

‘कॅन फुकट दिला’ हा तिसरा रस्ता वाटतो, पण तो रस्ताच नाही. ‘बॉक्सवर कोल्ड्रिंक फ्री’ या प्रकाराबद्दल 7 मार्च 2019 च्या परिपत्रक क्रमांक 92 मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की एकावर एक फ्री म्हणजे दुसरी वस्तू मोफत दिलेली नाही. तो दोन वस्तूंचा एका भावातला पुरवठा आहे आणि कंपोझिट की मिक्स्ड हे पाहून कलम 8 लावायचं. म्हणजे फिरून त्याच 40 टक्क्यांवर.

कुरिअरचे पैसे

आता कंपनी म्हणाली, बॉक्स कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवा, प्रत्येकी 60 रुपये वेगळे देतो. बरेच जण कुरिअरचं बिल 18 टक्क्यांचं येतं म्हणून ही ओळ 18 टक्क्यांनी लावतात. तुम्ही घरपोच माल द्यायचं कबूल केलं असेल तर वाहतूक मालाला जोडलेली आहे, मुख्य पुरवठा मालाचा आहे, आणि 60 रुपयांवर मालाचाच दर लागतो, ओळ वेगळी असली तरी. 5 टक्क्यांच्या बॉक्सला 1,060 वर कर 53 रुपये. कॅनवाल्या बॉक्सला तोच 424. कुरिअर कंपनीने तुम्हाला लावलेल्या 18 टक्क्यांचं क्रेडिट तुम्ही नेहमीच्या अटींवर घेऊ शकता. कंपनीने स्वतःच कुरिअर ठरवला आणि त्याचं बिल थेट भरलं, तर ते 60 रुपये तुमच्या हिशेबात येतच नाहीत.

बिल आधीच गेलं असेल तर

मिक्स्ड बॉक्सला चुकून वस्तुवार कर लावला असेल, तर कमी पडलेल्या कराची डेबिट नोट काढायची आणि तो कर वार्षिक 18 टक्के व्याजासह भरायचा. गिऱ्हाईक वरचे पैसे देईल का, हा वेगळा प्रश्न. कोटेशनमध्ये ‘जीएसटी वेगळा’ असं असेल तर मागायला जागा आहे. ‘सर्व करांसह’ लिहिलं असेल तर तो भार तुमच्याच डोक्यावर.

उलटी चूकही होते. घाबरून पुठ्ठ्याच्या डब्यातल्या लाडवांवर 18 टक्के लावले, तर जास्त वसूल केलेली रक्कम तुम्हाला ठेवता येत नाही. कर म्हणून घेतलेले पैसे सरकारकडेच भरावे लागतात. चूक सुधारायला क्रेडिट नोट काढता येते, पण तिची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातलं जे आधी येईल ते.

मोठी आणि दरवर्षी येणारी ऑर्डर असेल, बॉक्समध्ये कसोटीवर काठावर बसणारी वस्तू असेल, तर अग्रिम निर्णयासाठी अर्ज करता येतो. फॉर्म जीएसटी एआरए-01, फी सीजीएसटीची 5,000 आणि एसजीएसटीची 5,000. कायद्यात निर्णयासाठी 90 दिवस दिले आहेत, तेव्हा ऑक्टोबरच्या दिवाळीसाठी अर्ज फार तर जूनमध्ये जायला हवा.